वस्तू बदलल्यानंतर रंग जुळवताना: कर्व्हज आणि ह्यू वापरून व्हाइट बॅलन्स एक कसा करावा

छायाचित्रातली एक वस्तू काढून तिच्या जागी दुसऱ्या छायाचित्रातली वस्तू बसवली, कडा नीट कापल्या, आकार आणि कोन जुळले, तरीही ती वस्तू वरून चिकटवल्यासारखी दिसते, हा अनुभव हे काम नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. बहुतेक वेळा दोष कापण्यात नसतो. दोन्ही छायाचित्रांतला प्रकाश वेगळ्या रंगाचा असतो, आणि पांढरा रंग एका छायाचित्रात एका बाजूला व दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला झुकलेला असतो. मी स्वतः सुरुवातीला हा फरक डोळ्यांच्या अंदाजाने, एखादा ‘उबदार’ फिल्टर टाकून मिटवू पाहत असे. मधल्या छटा जुळत, पण उजेडाची बाजू निळसर आणि सावली नारिंगी होई, आणि नेमके काय चुकते ते कळत नसे. मोजून काम करू लागल्यावर हा गोंधळ संपला. तीच पद्धत येथे एका उदाहरणाच्या आधारे क्रमाने मांडली आहे.

उदाहरण असे आहे. लाकडी टेबलावर ठेवलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या कपाचे छायाचित्र संध्याकाळी घेतलेले आहे. डावीकडे तंतूचा पिवळा दिवा आहे आणि उजवीकडच्या खिडकीतून मावळतीनंतरचा मंद निळसर उजेड येतो आहे. कप काढून तेथे पांढरी चिनी मातीची किटली बसवायची आहे. किटलीच्या पोटावर गडद निळा पट्टा आहे आणि तिचे छायाचित्र दिवसा, खिडकीजवळच्या सावलीतल्या प्रकाशात घेतलेले आहे. किटली कापून जागेवर बसवण्यापर्यंतचे काम झाले आहे, असे येथे धरले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण तिच्याविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. किटली शुद्ध पांढरी दिसावी हा आपला हेतू नाही. दिव्याच्या उजेडात कप जितका आणि ज्या दिशेने पिवळा झाला होता, तितकीच आणि त्याच दिशेने किटलीही पिवळी झाली पाहिजे. म्हणून अशा कामात ‘ऑटो कलर’ किंवा कर्व्हजमधला करड्या रंगाचा ड्रॉपर वापरू नये. ती साधने वस्तूला तटस्थ करण्यासाठी असतात; आपल्याला नेमके उलट हवे आहे.

लागणारी सामग्री

- मूळ छायाचित्र, म्हणजे कप अजून जागेवर असलेले. ते सर्वांत खालच्या लेअरमध्ये तसेच्या तसे जपून ठेवावे.
- किटलीचा कापलेला लेअर, शक्य असल्यास तिच्या रॉ फाइलसह.
- कर्व्हज, ह्यू-सॅच्युरेशन, मास्क आणि रंगाचे नमुनाबिंदू ठेवण्याची सोय असलेले संपादन सॉफ्टवेअर. मी येथे फोटोशॉपमधील नावे व कळा दिल्या आहेत; गिम्पसारख्या अन्य सॉफ्टवेअरमध्येही हीच साधने असतात.
- नाइट मोड बंद केलेला पडदा. संध्याकाळी पडदा आपोआप पिवळा करणारी सोय चालू राहिली, तर डोळ्यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय चुकतो.

१. मोजण्यापूर्वी दोन्ही चित्रे एका मापात आणा

एक छायाचित्र sRGB प्रोफाइलमध्ये आणि दुसरे Adobe RGB मध्ये असेल, तर त्यांतले आकडे एकमेकांशी तुलना करण्याजोगे नसतात. किटलीची फाइल आधी मूळ छायाचित्राच्या प्रोफाइलमध्ये रूपांतरित करावी. त्यासाठी Convert to Profile ही आज्ञा वापरावी. Assign Profile वापरू नये, कारण तिने आकडे तसेच राहून रंग मात्र बदलतात. त्यानंतर फाइल १६ बिटमध्ये न्यावी. पुढे निळा चॅनल बराच खाली ओढावा लागणार आहे, आणि ८ बिटमध्ये तसे केल्यास किटलीच्या गुळगुळीत पोटावर पट्टे उमटू शकतात.

किटलीची रॉ फाइल हाताशी असेल, तर तापमानाची पट्टी तेथेच उबदार बाजूला सरकवून अर्धेअधिक काम करून घ्यावे. रॉ फाइलमध्ये प्रकाशाची मूळ मापे शाबूत असतात, त्यामुळे तेथील व्हाइट बॅलन्स अधिक स्वच्छ लागतो. मात्र तेथे पूर्ण जुळणी साधण्याचा हट्ट धरू नये. शेवटची जुळणी जागेवरच होते.

२. काढलेल्या वस्तूची साक्ष घ्या

नवशिके बहुधा मूळ छायाचित्रात कुठेतरी भिंत किंवा कागद शोधून त्यावरून रंग मोजतात. पण भिंतीवर पडणारा उजेड आणि टेबलाच्या मध्यावर पडणारा उजेड एकच असेल याची खात्री नसते. ज्या जागी किटली बसवायची आहे, नेमक्या त्याच जागी प्रकाशाने काय केले हे सांगणारा एकच साक्षीदार चित्रात आहे, आणि तो म्हणजे काढून टाकलेला कप. म्हणून कप पुसून टाकलेल्या लेअरवर नव्हे, तर मूळ लेअरवर मोजमाप करावे.

Color Sampler Tool घेऊन त्याचा Sample Size हा 5 by 5 Average किंवा त्याहून मोठा ठेवावा, म्हणजे एखाद्या पिक्सेलमधल्या दाण्यामुळे आकडा फसवणार नाही. कपावर तीन बिंदू ठेवावेत: दिव्याच्या बाजूचा उजळ पण पूर्ण पांढरा होऊन तपशील न हरवलेला भाग, सावलीची बाजू, आणि चकाकीचा ठिपका. किटलीवरही त्याच अर्थाचे तीन बिंदू ठेवावेत. माझ्या उदाहरणात कपावरचे आकडे असे होते:

- उजळ बाजू: लाल २२६, हिरवा १९६, निळा १५०
- सावलीची बाजू: लाल ९८, हिरवा ८८, निळा ७६
- चकाकी: लाल २५५, हिरवा २५०, निळा २३२

किटलीच्या उजळ बाजूवर मात्र लाल २०४, हिरवा २१० आणि निळा २१९ असे आकडे होते, म्हणजे ती निळसर बाजूला झुकलेली होती.

आता आकड्यांपेक्षा त्यांची गुणोत्तरे पाहावीत. कपाच्या उजळ बाजूवर निळा हा हिरव्याच्या ०.७७ पट आहे. सावलीत तो ०.८६ पट आहे. म्हणजे सावली कमी पिवळी आहे, कारण तेथे दिवा पोहोचत नाही आणि खिडकीतला निळसर उजेड ती भरून काढतो. चकाकीत हे गुणोत्तर ०.९३ आहे, कारण तेथे तिन्ही चॅनल मर्यादेजवळ पोहोचून पांढऱ्याकडे सरकले आहेत. एकाच पांढऱ्या कपावर पांढऱ्याची तीन रूपे आहेत. एकच फिल्टर सगळीकडे सारखा टाकून काम का भागत नाही, याचे उत्तर या तीन गुणोत्तरांत आहे.

येथे एक सापळा आहे. कप मुळातच मलईच्या रंगाचा असेल, तर त्याची साक्ष पिवळ्याकडे झुकलेली असणार. शंका असल्यास जवळच्या दुसऱ्या तटस्थ वस्तूवर, उदाहरणार्थ करड्या धातूवर, पडताळा घ्यावा. पांढऱ्या कागदावर फार विसंबू नये. कागद उजळ दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्ये अतिनील किरणांमुळे निळसर उजळतात. दिवसाच्या प्रकाशात हा परिणाम दिसतो, तंतूच्या दिव्याखाली तो फारसा दिसत नाही. त्यामुळे एकच कागद दोन छायाचित्रांत दोन वेगळ्या साक्षी देऊ शकतो.

३. आधी उजेड जुळवा, रंग नंतर

किटलीच्या लेअरवर कर्व्हजचा ॲडजस्टमेंट लेअर ठेवून तो क्लिपिंग मास्कने फक्त किटलीला बांधावा. दोन लेअरच्या मधल्या रेषेवर Alt दाबून क्लिक केले, की हे होते. या पहिल्या लेअरमध्ये रंगाला हात लावायचा नाही. फक्त एकत्रित RGB कर्व्हवर एक बिंदू घेऊन हिरव्याचा आकडा कपाच्या हिरव्याशी जुळवायचा: २१० वरून १९६. हिरवा निवडण्याचे कारण असे की, आपल्याला जाणवणाऱ्या उजेडात त्याचा वाटा तिन्ही चॅनलमध्ये सर्वांत मोठा असतो.

एवढे केल्यावर माझ्याकडे किटलीची उजळ बाजू लाल १९०, हिरवा १९६, निळा २०६ आणि सावलीची बाजू लाल ८०, हिरवा ८६, निळा ९३ अशी झाली. पुढची सगळी गणिते या आकड्यांवर आहेत. उजेड आणि रंग एकाच लेअरमध्ये मिसळू नयेत, कारण नंतर उजेडात किंचित बदल करावा लागला, तर रंगाचे सगळे बिंदू पुन्हा बसवावे लागतात.

४. रंगाचा कर्व्ह: शून्याला धरून ठेवा, टोक हलवा

आता कर्व्हजचा दुसरा लेअर पहिल्याच्या वर, त्याच प्रकारे बांधून घ्यावा. येथे थोडे थांबून एक मुद्दा समजून घेतला, तर पुढचे सगळे सोपे जाते.

प्रकाशाचा रंग बदलतो तेव्हा प्रत्येक चॅनलचा गुणाकार होतो, त्यात ठरावीक भर पडत नाही. दिव्यात निळा भाग कमी असेल, तर उजळ जागीही तो त्याच प्रमाणात कमी होतो आणि अंधाऱ्या जागीही त्याच प्रमाणात. पूर्ण काळा मात्र काळाच राहतो. छायाचित्राचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यांच्यावर सुमारे २.२ गॅमा असते. तरीही घातांकाच्या नियमामुळे गुणाकार हा गुणाकारच राहतो, फक्त गुणकाची किंमत बदलते. कर्व्हजच्या चौकटीत याचा अर्थ असा की, व्हाइट बॅलन्सची रेषा ही बहुतांशी शून्यातून निघणारी सरळ रेषा असते आणि बदलते ते तिचे वरचे टोक. मध्यभागी एक बिंदू धरून रेषेला पोट काढले आणि दोन्ही टोके जागेवर ठेवली, तर मधल्या छटा पिवळ्या होतात आणि उजळ भाग निळसरच राहतो. माझ्या सुरुवातीच्या कामात किटल्या आणि कप तरंगल्यासारखे दिसत, ते याच चुकीमुळे.

टोक कुठे न्यायचे, हे साध्या हिशेबाने निघते:

```
वरचे टोक = २५५ × (हवा असलेला आकडा ÷ असलेला आकडा)
निळा     = २५५ × (१५० ÷ २०६) ≈ १८६
```

निळा चॅनल निवडावा (कर्व्हजच्या खिडकीत Alt+5) आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातला बिंदू सरळ खाली, आउटपुट १८६ पर्यंत ओढावा. किटलीची उजळ बाजू लगेच निळा १५० दाखवू लागते.

आता सावली पाहावी. या रेषेने ९३ चे ६८ होतात. कपाच्या सावलीचे गुणोत्तर ०.८६ होते, किटलीच्या सावलीत हिरवा ८६ असल्याने निळा ७४ हवा. म्हणून निळ्या कर्व्हवर इनपुट ९३, आउटपुट ७४ असा बिंदू ठेवावा, आणि उजळ भाग हलू नये म्हणून इनपुट २०६, आउटपुट १५० असाही एक बिंदू ठेवून तो जागेवर बांधून टाकावा. सहा पायऱ्यांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खिडकीचा उजेड किटलीच्या उजव्या कुशीला स्पर्श करतो आहे, ही जाणीव त्यातूनच येते.

लाल चॅनलचे वागणे वेगळे आहे. तेथे १९० चे २२६ करायचे आहेत, म्हणजे रेषा वर न्यायची आहे. निळ्यासारखी सरळ रेषा वापरली, तर इनपुट २१४ च्या सुमारासच ती २५५ ला पोहोचते आणि त्यापलीकडचा सगळा उजळ भाग लाल चॅनलमध्ये सपाट होतो. किटलीच्या पोटाची गोलाई तेथे हरवते. म्हणून लाल कर्व्हवर (Alt+3) दोन बिंदू घ्यावेत, ८० चे ९६ आणि १९० चे २२६, आणि वरचे टोक २५५ वरच राहू द्यावे. रेषा शेवटी आपोआप वाकते आणि उजळ भाग हळूहळू मर्यादेकडे जातो. अशा वेळी सरळ रेषेचा नियम मोडणेच बरोबर असते, कारण मूळ छायाचित्रातही दिव्याच्या उजेडात लाल चॅनल सर्वांत आधी मर्यादेजवळ पोहोचून असाच दबलेला असतो.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. कर्व्हला जागा कळत नाही, फक्त आकडा कळतो. सावलीसाठी ठेवलेला बिंदू उजेडातल्या गडद भागालाही लागू होतो. किटलीवरचा निळा पट्टा दिव्याच्या बाजूलाही गडदच आहे, त्यामुळे त्याला किंचित सावलीसारखी वागणूक मिळते. माझ्या उदाहरणात फरक एवढा कमी होता की मी तो सोडून दिला. दोन बाजूंच्या गुणोत्तरांत याहून मोठी तफावत असेल, तर उजेडाच्या बाजूसाठी एक आणि सावलीसाठी एक असे दोन कर्व्हज लेअर करून त्यांच्या मास्कवर मऊ ग्रेडियंट द्यावा.

५. चकाकी वेगळी सांभाळा

किटलीच्या चकाकीच्या ठिपक्यावर मुळात निळा २५१ होता. निळ्या कर्व्हने तो १८३ झाला. परिणामी ठिपका गडद पिवळा दिसू लागतो, आणि अशी चकाकी कपावर नव्हती. कपाच्या चकाकीत निळा २३२ होता. म्हणून रंगाच्या कर्व्हज लेअरच्या मास्कवर, फक्त त्या ठिपक्यावर, मऊ कडांच्या काळ्या ब्रशने सुमारे ७० टक्के ओपॅसिटीने एकदा फिरवावे. कर्व्हचा परिणाम तेथे तीस टक्क्यांच्या आसपास उरतो आणि निळा २३० च्या जवळ येतो. ब्रश ठिपक्याच्या बाहेर पसरला, तर चकाकीभोवती निळसर कडे दिसते. ते दिसल्यास मास्क पांढरा करून पुन्हा करावे. कडे पुसण्यासाठी वर आणखी एक लेअर चढवू नये.

६. हिरवा चॅनल: दोन पायऱ्यांचा फरक

आतापर्यंत हिरव्याच्या स्वतंत्र कर्व्हला हात लावलेला नाही. बहुतेकांचे काम येथे संपते, आणि तरीही किटलीत काहीतरी ‘आजारी’ दिसत राहते. त्याचे कारण मधल्या छटांत असते. उजळ आणि सावलीच्या मधोमध, जेथे पोट वळते, तेथे दोन्ही वस्तूंवर आणखी एकेक बिंदू ठेवावा. माझ्याकडे कपावर लाल १६०, हिरवा १४०, निळा १११ होते; किटलीवर लाल १५८, हिरवा १४२, निळा ११२. आकडे जवळजवळ सारखेच वाटतात. पण Info पॅनेलमध्ये तोच बिंदू HSB मध्ये पाहिला, तर कपाचा ह्यू ३६ अंशांच्या आसपास आणि किटलीचा ३९ अंश दिसतो. किटली पिवळ्यातून हिरव्याकडे सरकली आहे. कमी सॅच्युरेशनच्या पृष्ठभागावर असा हिरवट झुकाव डोळ्यांना फार लवकर खटकतो.

उपाय लहान आहे. हिरव्या कर्व्हवर (Alt+4) इनपुट १४२, आउटपुट १४० असा बिंदू ठेवावा, आणि उजळ भाग १९६ वर व सावली ८६ वर बांधून ठेवावी. ह्यू ३६.५ अंशांवर येतो. येथे ह्यूची पट्टी सरकवून काम साधण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ह्यूची पट्टी असलेल्या रंगाला फिरवते आणि जवळजवळ तटस्थ असलेल्या पृष्ठभागात फिरवण्याजोगा रंगच थोडा असतो. पट्टी बरीच सरकवावी लागते आणि तोवर शेजारचे ठळक रंग भलतीकडे गेलेले असतात. पांढरे, करडे आणि फिकट भाग कर्व्हजने जुळवावेत; ठळक रंग असलेले भाग त्यानंतर ह्यूने.

७. निळा पट्टा: ह्यूचे खरे काम

कर्व्हज लावल्यानंतर पट्टा लाल ५१, हिरवा ६४, निळा १०५ असा झाला. त्याचा ह्यू २२६ अंशांच्या जवळ, म्हणजे आधी होता तिथेच राहिला. सॅच्युरेशन मात्र ७० वरून ५१ टक्क्यांवर उतरले. निळा पट्टा दिव्याच्या उजेडात मंदावतो, हे बरोबरच आहे. ‘पट्ट्याचा रंग गेला’ असे वाटून सॅच्युरेशन पुन्हा वाढवणे ही नेहमीची चूक आहे. तसे केले, की पट्टा दिवसाच्या उजेडात आणि किटली रात्रीच्या दिव्यात, असे दृश्य तयार होते.

पण ह्यूचा प्रश्न खरा आहे. कर्व्हज तीन चॅनलांना तीन स्वतंत्र आकडे समजतात, तर प्रत्यक्षात रंगद्रव्य संपूर्ण वर्णपटावर कमीअधिक परावर्तन करते. चिनी मातीवरचा निळा बहुधा कोबाल्टचा असतो, आणि कोबाल्टचा निळा रंग वर्णपटाच्या टोकाचा खोल लाल भागही परावर्तित करतो. तंतूच्या दिव्यात हा भाग भरपूर असल्याने असा निळा तेथे किंचित जांभळ्याकडे झुकलेला दिसतो. किटलीच्या दिवसाच्या छायाचित्रात ही माहिती नोंदलेलीच नाही, त्यामुळे ती कर्व्हजने परत आणता येत नाही.

म्हणून ह्यू-सॅच्युरेशनचा लेअर किटलीला बांधून, यादीतून Blues निवडावे आणि ड्रॉपरने पट्ट्यावर क्लिक करावे, म्हणजे पट्टीखालची रंगमर्यादा नेमकी पट्ट्याच्या निळ्यावर येते. नंतर ह्यू +६ ते +८ एवढा सरकवावा. पट्टा २३३ अंशांच्या आसपास येतो आणि दिव्याच्या उजेडातला वाटू लागतो. यापुढे जाऊ नये. या पायरीसाठी चित्रात थेट साक्षीदार नाही, त्यामुळे येथील बदल लहान ठेवणे हेच सुरक्षित आहे. १० अंशांच्या पुढे जावेसे वाटत असेल, तर चूक आधीच्या कर्व्हजमध्ये आहे असे समजून मागे जावे. पट्ट्याच्या कडेला जांभळी किनार दिसली, तर खालच्या रंगमर्यादेच्या उताराचे त्रिकोणी खुंटे थोडे बाहेर ओढावेत, म्हणजे बदल हळुवार मिसळतो.

८. टेबलाचा रंग आणि सावलीचा रंग

कपाच्या तळाजवळ मोजले तेव्हा लाल १५०, हिरवा ११८, निळा ८० मिळाले. हे गुणोत्तर उजळ बाजूपेक्षाही अधिक नारिंगी आहे, कारण लाकडावर आपटलेला उजेड तेथे वर येतो. किटलीच्या तळाच्या साधारण पाचव्या भागावर तिसरा कर्व्हज लेअर द्यावा. त्यात निळा थोडा खाली आणि लाल अगदी किंचित वर न्यावा, आणि मास्कवर खालून वर विरत जाणारा ग्रेडियंट टाकावा.

किटलीच्या मूळ छायाचित्रातून तिची सावली सोबत उचलून आणू नये. ती सावली दिवसाची, निळसर असते आणि कोणत्याही कर्व्हने ती या टेबलाची होत नाही. कपाच्या सावलीच्या रंगाचा नमुना घेऊन त्या रंगाने Multiply मोडमध्ये नवी सावली रंगवणे अधिक विश्वासार्ह आहे. किटलीच्या कडेवर तिच्या मूळ छायाचित्रातल्या, दिवसाच्या उजेडातल्या पार्श्वभूमीची निळी रेघ राहिली असेल, तर मास्क एक पिक्सेल आत घ्यावा. ती रेघ रंगाने झाकण्याचा प्रयत्न करू नये.

९. पडताळणी

डोळे सवयीने फसतात. दहा मिनिटे एकच चित्र पाहिले, की त्यातला झुकाव डोळ्यांना योग्य वाटू लागतो. म्हणून मी पुढील दोन तपासण्या प्रत्येक वेळी करतो.

पहिली तपासणी एकेका चॅनलची. Ctrl+3, Ctrl+4 आणि Ctrl+5 दाबून लाल, हिरवा आणि निळा चॅनल कृष्णधवल स्वरूपात पाहावा. Ctrl+2 ने परत रंगीत चित्र येते. प्रत्येक कृष्णधवल चित्रात किटलीचा उजेड शेजारच्या वस्तूंशी मेळ खातो का, एवढेच पाहायचे. रंग नजरेआड झाल्याने चूक लगेच उघडी पडते. किटली केवळ निळ्या चॅनलमध्ये आजूबाजूपेक्षा उजळ दिसत असेल, तर निळ्याचे वरचे टोक अजून खाली यायला हवे. केवळ हिरव्यात ती गडद दिसत असेल, तर रंगीत चित्रात ती गुलाबी भासणार.

दुसरी तपासणी अतिशयोक्तीची. सर्व लेअरच्या वर एक तात्पुरता ह्यू-सॅच्युरेशन लेअर ठेवून सॅच्युरेशन +६० करावे. चित्र भडक होते, पण लपलेला झुकावही मोठा होतो. या अवस्थेत मूळ कप असलेला लेअर आणि किटलीचा गट आलटून पालटून दाखवावा. दोन्हींच्या उजळ बाजू एकाच नारिंगीत आणि दोन्हींच्या सावल्या एकाच मंद छटेत दिसल्या, तर जुळणी झाली. माझ्या उदाहरणात येथे किटलीच्या झाकणावर हिरवट छटा दिसली. झाकण पोटापेक्षा उजळ होते आणि हिरव्या कर्व्हचा उजळ भागातला बांधणीचा बिंदू मी १९६ वर ठेवताना एक पायरी वर सरकला होता. तो परत आणल्यावर छटा गेली. तपासणी संपल्यावर हा लेअर काढून टाकावा; तो चुकून चालू राहिलेली फाइल पुढे पाठवली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

संपूर्ण चित्राला एखादे ग्रेडिंग द्यायचे असेल, सावल्या निळसर करायच्या किंवा एकूण चित्र मंद करायचे असेल, तर ते या पडताळणीनंतर, सर्व लेअरच्या वर, क्लिपिंगविना द्यावे. ग्रेडिंग आधी देऊन त्याखाली किटली जुळवू पाहिली, तर मोजलेला प्रत्येक आकडा त्या ग्रेडिंगमधून गाळून आलेला असतो, आणि ग्रेडिंग बदलताच जुळणी पुन्हा सुटते.